भाग्यबिंदू: दिवसाचं सूत्र रात्री लावलं की काय होतं

«भाग्यबिंदू ही अरबांची देणगी, आपल्या ज्योतिषात असलं काही नाही. सूत्र अगदी सोपं: लग्न + चंद्र − सूर्य, जन्म दिवसाचा असो की रात्रीचा. अंश मात्र सायनच घ्यायचे, निरयन घेतले की बिंदू चुकतो. विकलेपर्यंत अचूक काढा. बिंदू ज्या स्थानात, तिथून पैसा येणार म्हणजे येणार. सगळ्यांना पाठवा.»

तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांनी हा मजकूर मला पाठवला आणि तिघांनीही खाली एकच विचारलं: खरं आहे का? मी भविष्य सांगत नाही. जुन्या पंचांगांचं गणित पुन्हा मांडून बघायचा नाद आहे, तेवढ्यापुरताच माझा या विषयाशी संबंध. पण या मजकुरात गणितच चुकलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. भाग्यबिंदू म्हणजे लग्न, चंद्र आणि सूर्य यांच्या अंशांवरून कुंडलीत काढलेली एक जागा. आणि इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे, तर जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेला राशिचक्राचा अंश.

आधी अरबांचं. या बिंदूंना ‘अरबी’ हे विशेषण युरोपने चिकटवलं. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली आणि ही विद्या युरोपात त्या वाटेने गेली, म्हणून ती अरबांचीच असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात पहिल्या शतकातला डोरोथिअस, दुसऱ्या शतकातला वेटिअस वॅलेन्स आणि त्याच शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी, हे तिघेही ग्रीकमध्ये लिहिणारे आणि तिघांकडेही हा बिंदू आहे. ग्रीक शब्द ‘क्लेरोस’, म्हणजे सोडतीत वाट्याला आलेली चिठ्ठी. 378 साली पौलस नावाच्या अलेक्झांड्रियाच्याच ज्योतिषाने असे सात बिंदू सूत्रांसकट लिहून ठेवले. इस्लामचा उदय त्यानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी झाला.

अरबांचं श्रेय वेगळ्याच गोष्टीत आहे. डोरोथिअसचं मूळ ग्रीक काव्य जवळजवळ हरवलं, ते आज वाचता येतं ते मुख्यतः अरबी भाषांतरामुळे. ‘क्लेरोस’साठी त्यांनी ‘सहम’ हा शब्द घेतला. त्याचा अर्थ बाणही होतो आणि वाटाही, कारण बाण टाकून वाटे ठरवायची जुनी पद्धत होती. आणि मग त्यांनी या बिंदूंची संख्या वाढवली. नवव्या शतकात बगदादमध्ये अबू माशरने त्यांची भली मोठी यादी केली. गझनीत 1029 च्या सुमारास ज्योतिषाची प्रवेशिका लिहिणारा अल्-बिरुनी तर वैतागूनच म्हणतो की प्रश्नांसाठी काढलेले हे बिंदू मोजणं अशक्य, ते रोज वाढतायत. बापाचा बिंदू, आईचा, विवाहाचा इथपर्यंत ठीक होतं. त्या काळच्या याद्यांत मसूर आणि कांद्यासाठीसुद्धा बिंदू आहेत. लासलगावात कुणाला उपयोग झाला तर कळवावं.

‘आपल्या ज्योतिषात नाही’ या वाक्यावर मात्र मी थबकलो. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या घरात वर्षफळ काढलं जात असेल तर त्यांनी ‘पुण्यसहम’ हा शब्द नक्की ऐकला असणार. हा तोच बिंदू आहे आणि शब्दही तोच अरबी सहम. ताजिक नावाची ही शाखा अरबी-फारसी ज्योतिषातून संस्कृतात आली. तेराव्या शतकात गुजरातेत समरसिंहाने तिच्यावर संस्कृतात लिहिलं आणि 1587 साली काशीत नीलकंठ दैवज्ञाने तिचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा ग्रंथ रचला. नीलकंठाचं घराणं मूळचं विदर्भातलं. ज्याच्या ‘मुहूर्तचिंतामणी’वरून आपल्याकडे आजही लग्नाचे मुहूर्त काढतात तो राम दैवज्ञ त्याचा सख्खा भाऊ. वर्षफळातले इत्थशाल, मुंथा हे शब्द संस्कृत वाटत नाहीत, कारण ते संस्कृत नाहीतच. तेव्हा ही वस्तू गेली निदान सातशे वर्षं आपल्या घरात आहे.

आता मुख्य भाग, सूत्राचा. लग्न + चंद्र − सूर्य हे नुसतं पाठ करण्यापेक्षा त्यात काय घडतं ते बघितलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. चंद्र वजा सूर्य म्हणजे सूर्यापासून चंद्र किती अंश पुढे गेलाय ते अंतर. पंचांग बघणाऱ्याला हे अंतर नवीन नाही, कारण तिथी म्हणजे तेच. दर 12 अंशांना एक तिथी. भाग्यबिंदू काढताना हे तिथीचं अंतर उचलायचं आणि लग्नापासून पुढे मोजायचं. सूर्यापासून चंद्र जितका दूर, लग्नापासून बिंदू तितकाच दूर. अमावास्येला अंतर शून्य, म्हणून बिंदू लग्नावर. पौर्णिमेला 180, म्हणून बरोबर समोर, सप्तमात. आणि नेमका सूर्योदयाला जन्म असेल तर लग्न आणि सूर्य एकच अंश, म्हणून बिंदू चंद्रावरच येऊन बसतो. सॉफ्टवेअर बरोबर आहे की नाही हे तपासायला ही शेवटची खूण फार उपयोगी पडते.

हे झालं दिवसाचं. रात्री मोजणी उलटते. त्यामागचा विचार असा की दिवसाचा राजा सूर्य, म्हणून दिवसा सूर्यापासून चंद्रापर्यंत मोजायचं. रात्रीचा राजा चंद्र, म्हणून रात्री चंद्रापासून सूर्यापर्यंत. म्हणजे लग्न + सूर्य − चंद्र. दिवसा तिथीचं अंतर लग्नाच्या पुढे पडतं, रात्री तेच अंतर लग्नाच्या मागे पडतं.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा पुण्यात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, वैशाख शुक्ल अष्टमीला रात्री साडेनऊच्या सुमारास जन्म झाला. निरयन मानाने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजलं तर, सूर्य मेषेत 10 अंशांवर, चंद्र कर्केत 14 अंशांवर, लग्न वृश्चिकेत 16 अंशांवर. पहिलं काम राशींचे अंश करण्याचं. मेष म्हणजे शून्य राशी पूर्ण झालेल्या, म्हणून सूर्य 10. कर्केच्या आधी तीन राशी, म्हणून चंद्र 90 + 14 = 104. वृश्चिकेच्या आधी सात, म्हणून लग्न 210 + 16 = 226.

इथेच बऱ्याच जणांची पहिली चूक होते. वृश्चिक आठवी रास, म्हणून 8 ला 30 ने गुणतात. कुंडलीच्या कागदावर 7-16 असं लिहिलेलं असतं त्यातले 7 म्हणजे संपलेल्या राशी, हे विसरतात. ही चूक तिन्ही आकड्यांत सारखीच केली तर गंमत होते: दोनदा 30 मिळतात, एकदा वजा होतात आणि उत्तर बरोबर एका राशीने पुढे जातं. अंश बरोबर आणि रास चूक असं उत्तर दिसलं की समजावं, मोजणी एकपासून सुरू झालीय.

दुसरं काम दिवस की रात्र हे ठरवण्याचं. घड्याळ बघायची गरज नाही. सूर्यातून लग्न वजा करा, उणे आलं तर 360 मिळवा. उत्तर 180 च्या आत आलं तर सूर्य पहिल्या ते सहाव्या स्थानात, म्हणजे क्षितिजाखाली, म्हणजे रात्र. जास्त आलं तर दिवस. इथे 10 − 226 + 360 = 144. रात्र.

म्हणून बिंदू = 226 + 10 − 104 = 132, म्हणजे सिंहेत 12 अंश. वृश्चिकेपासून मोजलं तर दशमस्थान.

फिरणाऱ्या मजकुराच्या सूत्राने हाच बिंदू 226 + 104 − 10 = 320 येतो. कुंभेत 20 अंश, चतुर्थस्थान. चूक अंशा-दोन अंशांची नाही. बिंदू कुंडलीच्या जवळजवळ पलीकडच्या टोकाला गेला. आणि कुंभेतल्या त्या बिंदूला जुन्या ग्रीक परंपरेत स्वतःचं नाव आहे. तो ‘दैमोन’चा बिंदू, म्हणजे मनाचा, बुद्धीचा, स्वतःच्या कर्तृत्वाचा. भाग्याचा बिंदू शरीर आणि परिस्थितीचा, दैमोनचा कर्तृत्वाचा, आणि दोघांची सूत्रं एकमेकांची उलट. रात्री जन्मलेल्या माणसाला दिवसाचं सूत्र लावलं की भाग्याच्या नावाखाली त्याला दुसराच बिंदू हातात मिळतो.

मग ही चूक इतके दिवस कुणाच्या लक्षात कशी येत नाही? कारण दोन सूत्रांतला फरक तिथीवर अवलंबून आहे. तो असतो तिथीच्या अंतराच्या दुप्पट. अमावास्येला दुप्पट शून्य म्हणजे शून्य, आणि पौर्णिमेला दुप्पट 180 म्हणजे 360, पुन्हा शून्यच. त्या दिवशी कुठलंही सूत्र लावा, बिंदू एकच. अष्टमीच्या आसपास फरक सर्वांत मोठा. वरच्या उदाहरणात तो 188 अंश आला. पौर्णिमेच्या आगेमागे जन्मलेल्या दोन-चार पत्रिकांवर तपासून ‘सूत्र एकच चालतं’ असं कुणी म्हणत असेल तर त्याचा प्रामाणिकपणा मी मान्य करीन, फक्त नमुना बदलायला सांगेन.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. टॉलेमी स्वतः दिवस-रात्र एकच सूत्र वापरायला सांगतो. पाश्चात्य ज्योतिषात त्याचा दबदबा मोठा असल्याने अनेक आधुनिक पुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच सूत्र बसलं ते त्याच्यामुळेच. म्हणजे हे मत अगदी निराधार नाही. पण ते टॉलेमीचं मत आहे असं सांगायला हवं. डोरोथिअस, वॅलेन्स, पौलस आणि बहुतेक अरबी परंपरा रात्री उलटं मोजते, आणि आपला नीलकंठही पुण्यसहमाच्या श्लोकात दिवसाचं आणि रात्रीचं सूत्र वेगवेगळं देतो. ‘अरबांची देणगी’ म्हणून टॉलेमीचं सूत्र पुढे करणं म्हणजे पाटी एकाची आणि माल दुसऱ्याचा.

उलट्या मोजणीलाही एक अडचण आहे, ती तिच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत. सूर्योदयाच्या क्षणी सूत्र बदलतं, म्हणून बिंदू उडी मारतो. शुक्ल अष्टमीला सूर्योदयाच्या मिनिटभर आधी जन्मलेल्याचा बिंदू दशमात आणि मिनिटभर नंतर जन्मलेल्याचा चतुर्थात. बरं, सूर्योदय म्हणजे नेमका कुठला? वर्तमानपत्रातला सूर्योदय सूर्याची वरची कड दिसण्याचा असतो. त्या वेळी बिंबाचं केंद्र गणिताने अजून क्षितिजाखाली पाऊण अंशाहून थोडं जास्तच असतं, आणि ते वर यायला आपल्या अक्षांशांवर आणखी साडेतीनेक मिनिटं लागतात. त्या मिनिटांत बाहेर ऊन पडलेलं असतं आणि कुंडली मात्र रात्र म्हणते. अशा जन्मांना दोन्ही बिंदू लिहून ठेवण्याखेरीज गणिताकडे उत्तर नाही.

ताजिकात याच्यावर आणखी एक अट आहे. सहम काढल्यावर बघायचं की ज्यातून वजा केलं आणि जे वजा केलं त्यांच्या मध्ये लग्न पडतं का. वजा केलेल्या ग्रहापासून दुसऱ्याकडे राशिक्रमाने जाताना वाटेत लग्न लागलं नाही तर उत्तरात एक रास मिळवायची. आपल्या उदाहरणात चंद्राच्या 104 पासून सूर्याच्या 10 पर्यंत जाताना 226 वाटेत लागतं, म्हणून काही मिळवायचं नाही, सिंह कायम. पण त्याच दिवशी दुपारी अडीचच्या थोडं नंतरचा जन्म घ्या. लग्न सिंहेत 10 अंश म्हणजे 130, चंद्र तेव्हा 100 वर, सूर्य 10. दिवस आहे, म्हणून 130 + 100 − 10 = 220, वृश्चिक 10 अंश. सूर्य 10 पासून चंद्र 100 पर्यंत जाताना 130 वाटेत येत नाही. एक रास मिळवली की धनु 10 अंश. ग्रीक किंवा अरबी पद्धतीने वृश्चिक, नीलकंठाच्या पद्धतीने धनु. माझ्या मते ही अट बिंदूच्या भूमितीशी फटकून आहे, कारण ‘सूर्य ते चंद्र जितकं, लग्न ते बिंदू तितकं’ हे नातं तिच्याने मोडतं. पण वर्षफळाच्या छापील पत्रिकेत पुण्यसहम एक रास पुढे दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

सायन-निरयनाचं प्रकरण त्यामानाने दोन ओळींचं. सायन अंश, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले अंश, काढायला प्रत्येक निरयन आकड्यात दोन्ही मोजण्यांतला फरक, म्हणजे अयनांश, मिळवायचे, आज साधारण 24. चंद्रात 24 मिळवले, सूर्यातही 24 मिळवले, तर त्यांच्यातलं अंतर बदलेल का? तिथी सायन पंचांगात वेगळी आणि निरयन पंचांगात वेगळी नसते, त्याचं कारण हेच. वरचं उदाहरण सायन करा: लग्न 250, सूर्य 34, चंद्र 128. रात्रीचा बिंदू 250 + 34 − 128 = 156. त्यातून 24 वजा केले की पुन्हा 132. लग्नापासून दोन्हीकडे तेवढाच, 94 अंश मागे. आकाशातली जागा तीच राहते, फक्त राशीचं नाव सिंहेऐवजी कन्या होतं, जसं लग्नाचं वृश्चिकेऐवजी धनू होतं. चूक होते ती मिसळ केली तर: एका कागदावरचं सायन लग्न आणि दुसऱ्यावरचे निरयन सूर्य-चंद्र घेतले, तर येणारं उत्तर सायन असतं आणि लोक ते निरयन पत्रिकेत भरतात.

आता विकलेपर्यंतच्या, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागापर्यंतच्या, अचूकतेबद्दल. बिंदू लग्नाला बांधलेला आहे आणि लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं. चंद्र तासाला अर्धा अंश चालतो, सूर्य तर दिवसाला एक, त्यांचा इथे फारसा प्रश्न नाही. सगळा भार जन्मवेळेवर. वरचा ‘साडेनऊच्या सुमारास’चा जन्म खरं तर नऊ चाळीसचा असेल तर बिंदू दोन अंशांहून थोडा जास्त पुढे जातो. प्रसूतीच्या खोलीतली वेळ पाच-दहा मिनिटांनी गोल केलेली नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन-चार सुइणींशी बोलावं. अशा वेळेवरून काढलेल्या बिंदूला 12 अंश 7 कला 43 विकला लिहिणं म्हणजे धान्य सुपाने मोजून वजन ग्रॅममध्ये सांगणं. रास सांगा, फार तर अंश सांगा. आणि बिंदू राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या तीन अंशांत आला तर शेजारची रासही बघून ठेवा.

राहता राहिला पैसा. वॅलेन्सकडे हा बिंदू शरीर, उपजीविका आणि परिस्थितीचा आहे, आणि तो त्याचा वापर दुसऱ्या लग्नासारखा करतो. बिंदूची रास पहिलं स्थान धरायची आणि तिथून पुढे मोजायचं. मिळकत बघायला तो बिंदूपासून अकरावं स्थान घेतो. आपल्या उदाहरणात बिंदू सिंहेत, अकरावी रास मिथुन, आणि मग मिथुनेचा स्वामी बुध कुठे आहे ते बघायचं. म्हणजे हा बिंदू ज्या ग्रीक परंपरेतून आला, तिच्यातल्या वॅलेन्सकडे पैशासाठी बिंदूच्या स्वतःच्या स्थानाकडे नाही, तिसरीकडेच बघायचं असतं.

शिवाय त्या जागी आकाशात काही नसतं. तारा नाही, ग्रह नाही. तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी आहे. ती जशी बनलीय त्यावरून एक गोष्ट कुणालाही पडताळून पाहता येईल. बिंदूचं लग्नापासूनचं अंतर फक्त तिथीने ठरतं, म्हणून अमावास्या चालू असताना संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या वेळी, देशात कुठेही जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा भाग्यबिंदू त्याच्या लग्नापासून बारा अंशांच्या आत असतो, आणि पंधरवडा आधी कोजागरीच्या रात्री पौर्णिमा असताना जन्मलेल्या प्रत्येकाचा लग्नाच्या बरोबर समोरच्या अंशापासून बारा अंशांच्या आत.